मतदारयादीचे एक पान : मंडळाच्या आरंभकाळाचा शोध

आपल्या मंडळाची स्थापना १९७४ साली झाली, हे सर्व सभासदांस ठाऊक आहे. परंतु त्या वेळी मंडळात कोणकोणती कुटुंबे होती, असे कोणी विचारले तर दोन ज्येष्ठ सभासदांची उत्तरे एकसारखी येत नाहीत. पहिली सभासद-नोंदवही वाळवीने खाल्ली. पहिल्या गणेशोत्सवाचे एकच छायाचित्र उरले आहे. त्यात पुरुष मंडळी खुर्च्यांवर बसलेली आहेत आणि स्त्रिया मागच्या बाजूस, अर्ध्या पडद्याआड आहेत. स्मरणिका समितीने आरंभीच्या कुटुंबांची यादी सिद्ध करण्याचे काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आमच्यापाशी आठवणीतून गोळा झालेली नऊ नावे होती आणि ती नऊच्या नऊ पुरुषांची होती. स्त्रियांविषयी विचारता ‘त्या कोपऱ्यावरच्या वहिनी’, ‘मोदक करणाऱ्या काकू’ अशी उत्तरे मिळत.

भोपाळमधील मराठी वस्तीचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. नव्याची भोपाळ झाली. सचिवालयातील अनेक मराठी कर्मचारी आपला संसार घेऊन नागपुराहून येथे आले आणि तात्या टोपे नगरातील सरकारी क्वार्टरांत राहू लागले. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांमुळे आणखी कुटुंबे आली. ही सगळी बदलीची माणसे. सरकारी क्वार्टर सोडले की दारावरची पाटी उतरते आणि मागे काही राहत नाही. अशा माणसांचा पत्ता ज्या थोड्या कागदांवर टिकतो, त्यांत मतदारयादी हा एक प्रमुख कागद आहे.

ती यादी आम्हांस अनपेक्षितपणे मिळाली. एका सभासदाच्या वडिलांनी सत्तरच्या दशकातील एका निवडणुकीत मतदान केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून काम केले होते. त्यांच्या जुन्या ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आपल्या वस्तीच्या यादीचा एक भाग निघाला. १ जानेवारी १९७५ ही अर्हता-दिनांकाची नोंद त्यावर स्पष्ट होती. म्हणजे त्या दिवशी ज्यांना २१ वर्षे पूर्ण झाली होती त्यांची ती यादी. (मतदानाचे वय १८ झाले ते १९८९ मध्ये, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनंतर.) मंडळाच्या जन्मानंतर जेमतेम वर्षभराने केलेली घरवार मोजदादच हाती आली होती. आता फक्त उतरवून घ्यायचे, असे आम्हांस वाटले. ते ‘फक्त’ किती महाग पडले, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

पान कसे होते

मतदारयादीची रचना नियमाने ठरलेली असते. १९६० च्या मतदार नोंदणी नियमांनुसार यादीचे भाग पाडतात आणि एका भागात सामान्यतः दोन हजारांहून अधिक नावे नसतात. नावे बहुधा घरक्रमाने येतात आणि प्रत्येक भागात एकपासून पुढे ओळीने क्रमांक दिलेले असतात. आमच्या भागात १,०१२ नावे होती आणि ती सहा पानांत बसविली होती. म्हणजे एका पानावर सुमारे पावणेदोनशे माणसे!

ज्या एका पानाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, त्यावर क्रमांक ४५१ ते ६२१ अशी १७१ नावे होती. पान तीन उभ्या पट्ट्यांत विभागलेले होते. प्रत्येक पट्ट्यात पुन्हा सहा अरुंद रकाने होते : क्रमांक, मकान नंबर, नाव, पित्याचे किंवा पतीचे नाव, स्त्री की पुरुष, आणि वय. एका पानावर अठरा रकाने, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये केसाएवढी रेघ. नावाचा रकाना दोन बोटांहून कमी रुंदीचा आणि अक्षर इतके बारीक की भिंगाशिवाय वेलांटी पहिली की दुसरी हे कळू नये.

खिळ्यांनी जुळविलेल्या देवनागरी मजकुराचा एक जुना दोष अशा पानावर प्रकर्षाने दिसतो. अक्षराच्या अंगाबाहेर लोंबणारे भाग, म्हणजे रफार, अनुस्वार, मात्रा यांची टोके, छपाईच्या दाबाखाली मोडतात. शिवाय स्वस्त कागदावर शाई पसरली की अक्षराच्या पोटातील मोकळी जागा बुजते. हा दोष काही आपल्याच छापखान्यांचा नव्हता. अमेरिकेतील दूरध्वनी कंपनीला आपल्या जाडजूड निर्देशिकांसाठी हाच प्रश्न पडला होता. त्यावर उपाय म्हणून मॅथ्यू कार्टर या अक्षररचनाकाराने १९७८ साली ‘बेल सेंटेनियल’ हा टंक सिद्ध केला. त्यात अक्षराच्या रेषा जेथे मिळतात तेथे मुद्दाम खाचा ठेवल्या होत्या. पसरणारी शाई त्या खाचांत जाऊन बसे आणि छापलेले अक्षर स्वच्छ दिसे. आमच्या यादीला असे भाग्य लाभले नव्हते. तिच्यात ‘१’ आणि ‘९’ यांत फरक करणे कठीण होते. २१ वर्षांचा नवमतदार आणि २९ वर्षांचा गृहस्थ यांच्यामध्ये शाईचा एक ठिपका तेवढा उभा होता.

ज्यांनी जुनी दूरध्वनी निर्देशिका पाहिली आहे त्यांना असे रकाने परिचित असतील. आम्ही त्या काळातील भोपाळची निर्देशिकाही पाहिली. ती उतरवून घेणे एका अर्थाने सोपे असते, कारण तिच्यात नावे वर्णक्रमाने येतात. चुकीचे वाचलेले नाव क्रम मोडते आणि आपली चूक आपणच सांगते. परंतु त्या काळी घरी दूरध्वनी असणे ही मोठ्या साहेबांची गोष्ट होती. आमच्या नऊ नावांपैकी दोनच तिच्यात सापडली. कारकून, शिक्षक, कारखान्यातील फोरमन आणि झाडून साऱ्या स्त्रिया तिच्यात नव्हत्या. मतदारयादीत मात्र सर्वजण होते. तिच्यात वर्णक्रमाचा पहारा नव्हता, एवढेच.

स्त्रीचे नाव ओळीवर टांगलेले असते

या यादीत स्त्रियांची स्वतःची नावे होती, यामागे एक इतिहास आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या होत असताना, उत्तरेकडील अनेक प्रांतांत स्त्रियांनी परक्या माणसास आपले नाव सांगण्यास नकार दिला. यादीत ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ अशा नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, मतदाराचे स्वतःचे नाव हवे, असा आग्रह धरला. मुदत देऊनही ज्यांची नावे मिळाली नाहीत त्या सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गळाल्या. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्याबरोबर मध्यभारत आणि विंध्यप्रदेश येथील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि हे शेवटचे दोन प्रांत पुढे १९५६ मध्ये मध्यप्रदेशातच विलीन झाले. त्या वेळी या निर्णयावर टीका झाली. परंतु पुढच्या याद्यांत स्त्री आपल्या नावाने आली, ती त्यामुळेच.

तथापि आमच्या पानावरील स्त्रीच्या नोंदीत तिचे केवळ पहिले नाव होते. आडनाव लिहिले होते ते कुटुंबातील पहिल्या पुरुषाच्या ओळीत. त्याखालच्या ओळीत नुसते ‘सुमन’ किंवा ‘शांताबाई’, आणि शेजारच्या रकान्यात पतीचे नाव, तेही बहुधा आडनावाशिवाय. मकान नंबरही कुटुंबाच्या पहिल्या ओळीतच छापलेला होता; खाली दोन स्वल्पविरामांची खूण किंवा कोरी जागा होती. यादीत तीन ‘सुमन’ असल्या तर त्यांतील आपली कोणती, हे तिच्या नावावरून कळत नाही. ते तिच्या ओळीवरून, वरच्या ओळीवरून आणि शेजारच्या रकान्यावरून कळते. ओळ एका घराने सरकली की ती बाई शेजारच्या घरात जाऊन पडते. आमच्या हातून नेमके हेच घडले.

आमची चूक

पहिल्या खेपेस आम्ही संगणकाच्या अक्षरओळखीवर भिस्त ठेविली. त्याने पानाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सरळ वाचत नेले. त्यामुळे तीन पट्ट्यांतील तीन निराळ्या कुटुंबांची माणसे एका ओळीत आली. ही चूक इतकी ढोबळ होती की तिने कोणाचीच फसवणूक केली नाही. खरी फसवणूक केली ती माणसाने केलेल्या नीटनेटक्या कामाने.

मंडळाच्या एका तरुण सभासदाने सर्व पाने हाताने टंकलिखित करून दिली. काम जलद व्हावे म्हणून त्याने एकेक रकाना स्वतंत्रपणे, वरून खाली, उतरविला : आधी सगळी नावे, मग सगळ्या पित्या-पतींची नावे, मग वये. प्रत्येक रकाना दिसावयास निर्दोष होता. तपासणीची सही आमचीच होती, हे येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

प्रत्येक पट्ट्यात साठ ओळी मावत होत्या, पण माणसे साठ नव्हती. पहिल्या पट्ट्यात ४५१ ते ५०८ अशी ५८, दुसऱ्यात ५०९ ते ५६४ अशी ५६, आणि तिसऱ्यात ५६५ ते ६२१ अशी ५७ माणसे होती. उरलेल्या ओळी कोठे गेल्या? जे नाव अरुंद रकान्यात मावत नव्हते, ते मोडून खालच्या ओळीवर उतरविले होते. दुसऱ्या पट्ट्यात अशी चार नावे होती. त्यांपैकी तीन मोडलेली आहेत हे सहज कळत होते. चौथे क्रमांक ५३१ च्या पित्याचे नाव होते, ‘जगदीशनारायण’. जुळणाऱ्याने ते ‘जगदीश’ आणि खालच्या ओळीत ‘नारायण’ असे मोडले होते. दोन्ही तुकडे पूर्ण नावे वाटतात. टंकलेखन करणाऱ्याने ती दोन माणसे धरली. ‘नारायण’ हा ५३२ चा पिता झाला आणि तेथून खाली संपूर्ण रकाना एका घराने उतरला. पट्ट्याच्या तळाशी एक नाव जास्तीचे उरले, तेव्हा आपण एखादे नाव दुबार लिहिले असावे असे समजून त्याने ते खोडले. वास्तविक ते उरलेले नाव हीच धोक्याची घंटा होती.

या घसरणीच्या टप्प्यात आपली दोन मराठी कुटुंबे शेजारी-शेजारी होती. पहिल्या क्वार्टरात ५३५ हे गृहस्थ आणि ५३६ ही त्यांची पत्नी. दुसऱ्यात ५३७ हे गृहस्थ, ५३८ ही पत्नी आणि ५३९ ही गृहस्थांची ६३ वर्षांची विधवा आई. रकाना एका घराने खाली सरकल्यावर काय झाले, ते पाहावे. ५३६ समोर ५३५ च्या पित्याचे नाव आले. म्हणजे सून सासऱ्याची पत्नी ठरली. ५३८ चेही तसेच झाले. ५३९ समोर ५३८ च्या पतीचे नाव आले; म्हणजे आई मुलाची पत्नी झाली. आम्ही कुटुंबांची यादी करताना ‘पती’च्या रकान्यातील प्रत्येक नाव एकेक कुटुंबप्रमुख म्हणून घेतले. त्यामुळे ५३५ हे गृहस्थ एकटे राहिले, त्यांचे कैलासवासी वडील सुनेसह निराळे कुटुंबप्रमुख झाले, आणि शेजारच्या घरातही तोच प्रकार झाला. दोन कुटुंबांची चार कुटुंबे झाली आणि संस्थापक कुटुंबांची संख्या तेरा भरली. आठवणीतील नऊवरून तेरावर गेल्याचा आम्हांस आनंदच झाला होता.

स्मरणिकेची मुद्रिते आली. आम्ही ती काही जुन्या घरी दाखविली. पहिल्या क्वार्टरातील त्या दांपत्याची कन्या आता साठीच्या पुढे आहे. तिने बोट ठेवून विचारले, “काका, हे तर माझ्या आजोबांचे नाव. आजोबा अमरावतीहून कधी बाहेर पडलेच नाहीत. ते मंडळाचे सभासद कधी झाले? आणि माझ्या आईला तुम्ही त्यांच्या नावापुढे का लिहिले?”

यावर आम्ही काय उत्तर देणार? ज्या माउलीने पहिल्या उत्सवाचा नैवेद्य आपल्या स्वयंपाकघरात शिजविला, तिचे नाव पन्नास वर्षांनी प्रथमच छापले जाणार होते आणि ते अशा रीतीने! आम्ही मुद्रिते परत घेतली आणि सहाही पाने प्रारंभापासून पुन्हा उतरविण्याचे ठरविले.

दुसऱ्या खेपेची रीत

दुसऱ्या खेपेस आम्ही जी रीत अवलंबिली ती येथे देतो, कारण अन्य नगरांतील मंडळांनाही असे काम पडू शकेल.

प्रथम, छायाप्रतीवरून काम करणे बंद केले. मूळ पान सपाट ठेवून त्याची रंगीत प्रतिमा इंचास ६०० बिंदू या प्रमाणात घेतली. रंगाचे कारण असे की, मतदान प्रतिनिधीने मत देऊन गेलेल्या व्यक्तीच्या नावावर लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती. काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत ती रेघ नाव वगळल्याची खूण वाटते. रंगीत प्रतिमेत स्पष्ट कळते की ती छापील नाही, आणि ज्यावर रेघ आहे तो मनुष्य त्या दिवशी प्रत्यक्ष येथे हजर होता. जी खूण पहिल्या खेपेस अडचण वाटली, तीच दुसऱ्या खेपेस पुरावा ठरली.

दुसरे, प्रतिमेचे तीन पट्टे वेगळे कापले आणि प्रत्येक पट्टा एक स्वतंत्र पान मानले. टंकलेखनापूर्वी पट्ट्याचा पहिला व शेवटचा क्रमांक पाहून त्यात किती माणसे असली पाहिजेत, ते कागदावर लिहिले. मग छापील ओळी मोजल्या. दोन्ही संख्यांत जेवढा फरक, तेवढी नावे मोडून खाली उतरलेली असली पाहिजेत. दुसऱ्या पट्ट्यात साठ वजा छप्पन, म्हणजे चार. ती चारही सापडेपर्यंत एक अक्षरही टंकलिखित करावयाचे नाही, असा नियम केला. ‘जगदीश’ आणि ‘नारायण’ हे एकच गृहस्थ आहेत, हे या मोजणीने पाच मिनिटांत उघड झाले. ‘नारायण’ ज्या ओळीवर होते तिच्यात क्रमांक नव्हता आणि वयही नव्हते. रकाना एकटा पाहिला तर हे दिसत नाही; ओळ आडवी पाहिली की लगेच दिसते.

तिसरे, उतरवून घ्यावयाचे ते आडव्या ओळीने, रकान्याने नव्हे. पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापली आणि ती पट्ट्यावरून खाली सरकवीत नेली. खिडकीत दिसेल तेवढेच लिहावयाचे. मकान नंबराच्या जागी कोरे असेल तर कोरेच ठेवावयाचे. तो नंबर कोणता असावा हे आपले अनुमान शेजारच्या निराळ्या रकान्यात लिहावयाचे. छापलेले एक आणि आपल्याला समजलेले दुसरे, हे दोन्ही एकाच जागी मिसळले की पुढे कोणालाही ते वेगळे करता येत नाही.

हीच गोष्ट नावांच्या लेखनास लागू आहे. यादी हिंदीत होती. सामान्य हिंदी लेखनात ‘ळ’ नाही, म्हणून आपले ‘काळे’ तेथे ‘काले’, ‘ढवळे’ ते ‘ढवले’ आणि ‘मुळे’ ते ‘मुले’ झालेले होते. त्र्यंबकाचा ‘त्रयम्बक’ झाला होता. ही नावे पाहताक्षणी सुधारण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरला. ‘काले’ हे लेखन जसेच्या तसे ठेवले आणि ‘काळे असावे’ अशी नोंद शेजारी केली. आडनावावरून प्रांत ओळखणे किती फसवे आहे, हे भोपाळकरांस सांगावयास नको. येथे जोशी कुमाऊंचे असतात, गुजरातचे असतात, राजस्थानचे असतात आणि पुण्याचेही असतात. केवळ आडनावावरून आम्ही एकही कुटुंब यादीत घेतले नाही. जुने सभासद, क्वार्टरचे क्रमांक किंवा घरचे कागद यांपैकी एकाचा तरी दुजोरा मिळाल्यावरच ते घेतले.

चौथे, एकच पान दोन व्यक्तींनी, एकमेकांचे न पाहता, स्वतंत्रपणे उतरविले आणि नंतर दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. या पानाच्या १७१ ओळींपैकी २३ ओळींत फरक निघाला. बहुतेक फरक वयाच्या अंकांत आणि उडालेल्या अनुस्वारांत होते. फरक निघाला की दोघांनी मिळून भिंगाखाली मूळ पान पाहावयाचे. तरीही निर्णय झाला नाही तर प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जावयाचे. या पानावर चार प्रश्नचिन्हे अखेरपर्यंत राहिली आहेत आणि ती आम्ही तशीच ठेवली आहेत.

पाचवे, यादीची स्वतःचीच साक्ष काढली. भागाच्या शेवटी एकूण मतदारांची बेरीज छापलेली होती : पुरुष ५४८, स्त्रिया ४६४, एकूण १,०१२. आमची एकूण बेरीज बरोबर आली, परंतु पुरुष ५४९ आणि स्त्रिया ४६३ भरल्या. म्हणजे कोणीतरी एक स्त्री आम्ही पुरुषांत घातली होती. शोध घेता एक ‘किरण’ सापडली. खूण पुसट होती आणि नाव दोन्हीकडे चालणारे. दोन्ही लेखकांनी एकसारखीच चूक केल्यामुळे ताळा पाहूनही ती निसटली होती. पतीच्या रकान्यातील नाव त्याच क्वार्टरातील गृहस्थांचे होते, यावरून निर्णय झाला. हीच कसोटी मग सर्व स्त्रियांच्या ओळींना लाविली : जेथे पतीचे नाव दिले आहे, तेथे त्या नावाचा पुरुष त्याच घरात आहे काय? विधवा आणि ज्यांचे पती परगावी आहेत त्या वगळता तो असावयासच हवा. जेथे ओळीने चार-पाच स्त्रियांचे पती घरात सापडत नाहीत, तेथे रकाना घसरला आहे असे खुशाल समजावे. आमच्या पहिल्या प्रतीला ही कसोटी लावून पाहिली, तेव्हा ५३२ पासून खाली जवळपास प्रत्येक ओळ नापास झाली.

शेवटी पुरवणी. मूळ यादी छापल्यानंतर जी नावे वाढतात, वगळली जातात किंवा दुरुस्त होतात, त्यांची पुरवणी यादी मागे जोडलेली असते. पहिल्या खेपेस आम्ही ती उघडलीच नव्हती. मंडळाच्या पहिल्या चिटणिसांच्या पत्नीचे नाव मूळ यादीत नव्हते, ते या पुरवणीत मिळाले.

यादी काय सांगते आणि काय सांगत नाही

दुसऱ्या खेपेअंती आरंभीची अकरा कुटुंबे निश्चित झाली. आठवणीतील नऊ कायम राहिली. दोन नवी मिळाली. ती दोन्ही कुटुंबे लवकरच बदलीने येथून गेली, म्हणून ती कोणाच्या स्मरणात राहिली नव्हती. ज्यांना आजवर ‘वहिनी’ आणि ‘काकू’ एवढीच ओळख होती, अशा चौदा स्त्रियांची नावे मिळाली.

या नावांस मर्यादा आहेत, त्याही सांगणे प्राप्त आहे. यादीतील नाव हे सासरचे नाव आहे. ज्या बाईचे नाव लग्नात बदलले, तिला तिचा भाऊ त्या नावाने ओळखणार नाही. वये गणना करणाऱ्याने अंदाजाने लिहिलेली दिसतात; तीस, पस्तीस, चाळीस यांची तेथे फार गर्दी आहे. जे २१ वर्षांखालील होते, ज्यांनी गावाकडचीच नोंद कायम ठेवली होती, किंवा गणनेच्या वेळी जे रजेवर होते, ते यादीत नाहीत. म्हणून यादीत नाव नाही याचा अर्थ ते कुटुंब येथे नव्हते, असा कोणी कृपया घेऊ नये.

५३६ क्रमांकाच्या बाईंच्या कन्येस आम्ही नवी मुद्रिते दाखविली. तिने आईचे नाव पाहिले, आजोबांचे नाव तेथे नाही हेही पाहिले, आणि म्हणाली, “आईचे नाव सुरेख दिसते हो छापलेले. तिने स्वतः ते कधी छापलेले पाहिले असेल असे वाटत नाही.” मतदारयादीत ते १९७५ पासून छापलेले होते, फक्त वाचता येण्याजोग्या अक्षरांत नव्हते.

अकरा कुटुंबांची यादी स्वतंत्रपणे या स्मरणिकेत दिली आहे. जेथे प्रश्नचिन्ह आहे तेथे ते मुद्दाम ठेवले आहे. ज्यांना त्या काळचे काही स्मरत असेल, ज्यांच्या घरी जुने पत्र, शिधापत्रिका किंवा क्वार्टरचा कागद असेल, त्यांनी तो मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवावा. पाहून लगेच परत करू. ओळी आम्ही दोनदा मोजल्या आहेत, तरीही चूकभूल द्यावी घ्यावी.